बारा टक्के फ्लॅट म्हणजे बारा टक्के नव्हे

“अक्का, आमचं बारा टक्के, त्यांचं अठरा. तुम्हीच ठरवा!” सोलापूरच्या पूर्व भागात गटाच्या बैठकीत कर्ज देऊ करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. समोर बसलेली भाजीवाली तेलुगू वाचते, कागद मराठीत किंवा इंग्रजीत असतो. कानावर पडलेले बारा आणि अठरा हे दोन आकडे तेवढे तिला कळतात. ती १२ निवडते आणि महागडं कर्ज घेऊन घरी जाते.

समजा, कर्ज ३०,००० रुपयांचं आहे आणि मुदत १२ महिन्यांची. फ्लॅट पद्धतीत ३०,००० वर वर्षाचं १२ टक्के व्याज, म्हणजे ३,६०० रुपये, आधीच काढून मुद्दलात मिळवतात. एकूण ३३,६०० झाले, महिन्याचा हप्ता २,८००. त्यातले २,५०० मुद्दलाचे आणि ३०० व्याजाचे. हिशेब सरळ दिसतो. पण पहिला हप्ता भरल्यावर तिच्याकडे ३०,००० उरतात कुठे? दर महिन्याला २,५०० परत जातात, व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ३०,००० वरच चालू राहतं. बाराव्या महिन्यात तिच्याकडे फक्त २,५०० रुपये बाकी असतात आणि त्यावर ती ३०० रुपये व्याज भरते. एका महिन्याचं १२ टक्के!

घटत्या शिलकीवरच्या पद्धतीत, म्हणजे रिड्युसिंगमध्ये, जेवढी बाकी तेवढ्यावरच व्याज लागतं. अठरा टक्क्यांनी हप्ता येतो साधारण २,७५० रुपये. पहिल्या महिन्यात व्याज ४५०, दुसऱ्यात ४१५ च्या आसपास, आणि ते असंच उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात ४०-४१ रुपये. वर्षभराचं व्याज सुमारे ३,००५. म्हणजे ‘अठरावालं’ कर्ज ‘बारावाल्या’पेक्षा जवळजवळ ६०० रुपयांनी स्वस्त. बारा टक्के फ्लॅटचा घटत्या शिलकीवरचा खरा दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात.

हे भाजीवालीला समजवायला तेलुगू यायलाच हवं असं नाही. परतफेडीचा तक्ता मागून घ्या आणि त्यातले हप्ता, मुद्दल, व्याज, बाकी हे रकाने वहीत 1, 2, 3 अशा आकड्यांत उतरवा, कारण देवनागरी अंक तिला वाचता येतीलच असं नाही. मग बोट फक्त व्याजाच्या रकान्यावरून खाली न्या. आकडा वरपासून खालपर्यंत तोच राहिला तर फ्लॅट, दर महिन्याला उतरत गेला तर रिड्युसिंग. तक्ताच मिळत नसेल तर हप्त्याला महिन्यांनी गुणा आणि हातात पडलेली रक्कम वजा करा. मुदत आणि रक्कम सारखी असलेली दोन कर्जं या एका वजाबाकीने ताडून पाहता येतात.

‘हातात पडलेली’ म्हणतोय ते मुद्दाम. त्याच ३०,००० मधून २ टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी असे ७०८ रुपये आधीच कापले, तर हाती येतात २९,२९२, हप्ता मात्र २,८०० च राहतो. आता खरा दर २६ टक्क्यांच्या आसपास जातो. शुल्क धरून निघणाऱ्या या दराला एपीआर म्हणतात, आणि बँक असो वा वित्त कंपनी, तुलना याच आकड्याची करायची.

“तो आकडा आम्हाला कोण सांगणार?” असं कुणी म्हणालं तर रिझर्व्ह बँकेचं १५ एप्रिल २०२४ चं परिपत्रक दाखवा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं. त्यात एपीआर आणि परतफेडीचा तक्ता असतो, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहायचं असतं आणि समजावून सांगितल्याची पोचही घ्यायची असते. तेव्हा तेलुगू वाचणारीने तेलुगू कागद मागणं ही मेहेरबानीची याचना नव्हे. न समजलेल्या कागदावर “इथे अंगठा द्या” म्हणणाऱ्याला थांबवायचा तिला पूर्ण अधिकार आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘हप्ता लहान म्हणजे कर्ज स्वस्त’: मुदत लांबवली की हप्ता लहान होतो, व्याज वाढतं. ‘मुदतीआधी फेडलं तर दंड’: रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार सूक्ष्म कर्जावर असा दंड लावता येत नाही. ‘एक हप्ता चुकला की पूर्ण कर्जावर दंड’: त्याच निर्देशांनुसार दंड फक्त थकलेल्या रकमेवर. ‘रिझर्व्ह बँकेने कमाल व्याजदर ठरवून दिलाय’: अवाच्या सवा व्याज नको एवढंच निर्देश सांगतात, ठरावीक आकडा त्यांत नाही.

हे नियम बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्यांसाठी आहेत. गल्लीतली पतसंस्था सहकार खात्याखाली येते, आणि खासगी सावकार तर कुठलाच असा कागद देत नाही. तिथे सही करण्याआधी हप्ता, महिने आणि हाती येणारी रक्कम लिहून घ्यावी आणि वजाबाकी तिथेच, त्यांच्यासमोर करावी.