पापणीआडचा डोळा

दवाखाना सुरू केला तेव्हापासूनच्या माझ्या वह्या कपाटात आहेत. 1998 च्या वहीत एका दोन वर्षांच्या मुलाची नोंद सापडते. उजवी पापणी जन्मापासून खाली, बुबुळावरची काळी बाहुली अर्धी झाकलेली. खाली माझ्याच अक्षरात एक ओळ आहे: 'पाच वर्षांनंतर शस्त्रक्रिया, तोवर थांबा.' तेव्हा आम्ही बहुतेक सगळ्यांना हेच सांगत होतो. आईवडील शब्दाला जागले आणि मुलाला साडेपाचव्या वर्षी घेऊन आले. शस्त्रक्रिया छान झाली, दोन्ही पापण्या जवळपास एका रेषेत आल्या, आई रडली. मग मी त्याला तक्त्यासमोर बसवलं. त्या डोळ्याला फक्त सर्वांत वरचं मोठं अक्षर दिसत होतं. त्याला जवळजवळ तीनचा सिलिंड्रिकल नंबर होता आणि मधल्या साडेतीन वर्षांत मी तो एकदाही तपासला नव्हता. चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली, तेव्हा नजर 6/60 वरून 6/24 पर्यंत आली आणि तिथेच थांबली.

पापणी उचलता आली, पण पापणीमागचा डोळा मागे राहिला होता. गेल्या पंचवीस वर्षांत पापणी पडलेल्या माणसाकडे बघण्याची माझी सगळी पद्धत बदलली, ती या मुलामुळे.

लहान मुलाचा मेंदू पाहायला शिकत असतो. दोन डोळ्यांपैकी एकाकडून धूसर चित्र येत राहिलं, तर मेंदू ते मोजायचं सोडून देतो. त्याला आपण आळशी डोळा म्हणतो. पापणीने बाहुली झाकली की हे होतं, हे कुणालाही पटतं. पण पडलेल्या पापणीच्या मुलांत बऱ्याचदा खरा दोषी दुसराच असतो. त्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असतो, किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठी तफावत असते, किंवा तिरळेपणा जोडीला असतो. म्हणजे पापणी थोडीच पडलेली असून डोळा आळशी होऊ शकतो आणि बरीच पडलेली असूनही वाचू शकतो. पापणी किती पडली हे सगळ्यांना दिसतं, पण डोळा वापरला जातोय का हे मुद्दाम तपासावं लागतं.

2005 साली एक आजोबा नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन आले. घरात त्यांना सगळे आबा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. मुलीची डावी पापणी जन्मापासून खाली होती. "मॅडम, पोरगी आहे, चेहऱ्याचा प्रश्न आहे, पण एवढ्या लवकर चाकू नको," आबा म्हणाले. आई शेजारी गप्प बसली होती. मी आईला विचारलं, "अंगावर पिताना ही पापणी वर उडते का?" काही बाळांत पापणीच्या स्नायूला चुकीची नस जोडलेली असते आणि जबडा हलला की पापणी उघडझाप करते. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार वेगळा करावा लागतो. या बाळात तसं काही नव्हतं.

मी तिचा उजवा, चांगला डोळा हाताने झाकला. बाळ रडायला लागलं आणि माझा हात ढकलू लागलं. डावा झाकला, तर शांतपणे माझ्या हातातल्या खुळखुळ्याकडे बघत राहिलं. नऊ महिन्यांच्या बाळाला तक्ता वाचता येत नाही, पण एवढं सांगता येतं. आणखी एक गोष्ट मला खटकली. पापणी पडलेली काही मुलं हनुवटी वर करून, भुवई ताणून फटीतून बघतात. आईवडिलांना ती मानेची खोड वाटते. मला मात्र ती दिसली की धीर येतो, कारण मूल तो डोळा वापरायची धडपड करत असतं. हिने मान सरळ ठेवली होती. तिने तो डोळा सोडून द्यायला सुरुवात केली होती.

मोजमाप साधं असतं. समोरून टॉर्च धरायचा, बुबुळावर उजेडाचा ठिपका पडतो, त्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. साधारणपणे ते चार ते पाच मिलिमीटर असतं. हिच्या डाव्या डोळ्यात पापणीची कड नेमकी ठिपक्यावर होती, म्हणजे शून्य. दुसरं मोजमाप पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या ताकदीचं. अंगठ्याने भुवई दाबून धरायची, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही, आणि खाली बघून वर बघायला लावायचं. पापणी पंधराएक मिलिमीटर सरकली तर स्नायू निरोगी. चार किंवा त्याहून कमी सरकली तर स्नायूवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो. बाळाला खुळखुळा वरखाली नेऊन अंदाजच घेता येतो. हिची पापणी दोन-तीन मिलिमीटरच हलली, आणि पापणीवरची नेहमीची घडीही नव्हती.

जन्मजात प्रकारात बहुधा नस ठीक असते, स्नायूच नीट घडलेला नसतो. मांसल तंतूंच्या जागी चरबी आणि चिवट धागे असतात. ते नीट आकसत नाहीत आणि नीट सैलही होत नाहीत. म्हणून मूल खाली बघतं तेव्हा गंमत उलटी होते. आजारी पापणी निरोगी पापणीपेक्षा वर राहते.

आबांना मी 1998 च्या वहीतल्या त्या मुलाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. मग ते तयार झाले. अकराव्या महिन्यात पूर्ण भूल देऊन सिलिकॉनच्या बारीक दोरीने पापणी कपाळाच्या स्नायूला टांगली. स्नायू दुबळा असेल तर हाच मार्ग उरतो: भुवई उचलली की दोरीमार्फत पापणी उचलली जाते. पण एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेत यातच एक मेख आहे. मेंदूला त्या डोळ्याची गरजच वाटत नसेल, तर तो त्या बाजूची भुवई उचलणार कशासाठी? म्हणून शस्त्रक्रियेबरोबर अॅट्रोपिन घालून नंबर काढला, अडीचचा सिलिंड्रिकल निघाला, चष्मा दिला आणि उजव्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावायला सांगितली. आईने ती वर्षानुवर्षं लावली. चष्मा फेकणं, पट्टी उपटणं, पुन्हा लावणं, हे सगळं तिने सोसलं. या मुलीच्या नजरेचं श्रेय मी माझ्या सुरीपेक्षा त्या आईला देते.

सिलिकॉन टिकाऊ नसतं हे मी आधीच सांगितलं होतं. चौथ्या वर्षानंतर पापणी हळूहळू खाली येऊ लागली. पण आता घाई नव्हती, कारण डोळा पाहत होता. सहाव्या वर्षी मांडीच्या बाहेरच्या बाजूने चिवट पडद्याची पट्टी काढली आणि तिने पापणी पुन्हा टांगली. टोरोंटोच्या क्रॉफर्ड यांनी 1956 मध्ये मांडलेली ही रीत आजही चालते. ही पट्टी शरीराचीच असते, म्हणून ती बहुधा टिकते. अगदी लहान बाळाच्या मांडीत पुरेशी पट्टी मिळत नाही, तीन-चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं. 'पाच वर्षांनंतर' हा जुना सल्ला आला तो इथून, आणि मोजमापंही त्या वयात नीट घेता येतात म्हणून. बाहुली मोकळी असेल, चष्म्याचा नंबर तपासला जात असेल, नजर दर काही महिन्यांनी बघितली जात असेल, तर आजही थांबणंच योग्य. चूक थांबण्यात नव्हती, न बघता थांबण्यात होती.

2013 मध्ये आबा स्वतः पेशंट म्हणून आले. "मॅडम, नातीचं दुखणं आता आजोबाला लागलं बघा." उजवी पापणी वर्षभरात खाली आली होती. कपाळावर आठ्या पडलेल्या, संध्याकाळी कपाळ ठणकायचं, फडताळातला वरचा डबा दिसायचा नाही. पोथी वाचताना तर बोटाने पापणी उचलून धरावी लागे. त्यांना खाली बघायला सांगितलं, तशी पापणी आणखी खाली आली. नातीच्या बरोबर उलट. स्नायू चौदा मिलिमीटर हलत होता, म्हणजे दणकट होता. पापणीची घडी मात्र वर सरकली होती. वयाने स्नायूचा पापणीकडे जाणारा पातळ पडदा सैल होऊन सुटतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांतही हे दिसतं. नातीच्या आजाराशी याचा काही संबंध नव्हता, हे ऐकून ते सोबत आलेल्या सुनेकडे, नातीच्या आईकडे, बघून हसले.

अशा माणसात नजर आतून चांगलीच असते, फक्त वरचा भाग झाकलेला असतो. दृष्टिक्षेत्राची तपासणी एकदा तशीच आणि एकदा पापणी चिकटपट्टीने उचलून केली की किती जागा परत मिळेल ते कळतं. आबांची शस्त्रक्रिया जागा बधिर करून केली. सैल पडदा पुन्हा पापणीतल्या पट्टीला शिवला आणि टाके पक्के करण्याआधी त्यांना टेबलवर उठून बसवलं. आडव्या माणसाची पापणी फसवते. बसल्यावर डावी पापणी जराशी खाली आली होती, कारण मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हुकूम देतो आणि उजवीला आता जास्त जोर लागत नव्हता. तेवढं धरून टाका पुन्हा बसवला.

प्रौढांत सुरी हातात घेण्याआधी कारण शोधायचं, हे मला एका शिक्षिकेने शिकवलं. दुपारी तिची पापणी चांगलीच पडलेली असे. मी शस्त्रक्रियेची तारीख दिली, आणि ती सकाळी आली तेव्हा दोन्ही पापण्या सारख्या होत्या. मग दुपारी बोलावून पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवला, तर ती दोन मिलिमीटरने उचलली गेली. तो मायस्थेनिया निघाला. नस आणि स्नायू यांच्यामधल्या संदेशाचा आजार. त्याला गोळ्या लागतात, टाके नव्हे. तेव्हापासून मी प्रत्येकाकडे सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो मागते, जुने लग्नाचे फोटोही.

काही पापण्या तर एक दिवसही थांबू देत नाहीत. पापणी अचानक पडली, डोळा बाहेर वळला, बाहुली मोठी झाली आणि डोकं फुटेल असं दुखलं, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. तिथे डोळ्यांच्या दवाखान्यात रांग लावायची नसते, थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. पापणी थोडी खाली आणि त्याच बाजूची बाहुली बारीक, तर मानेतली रक्तवाहिनी आणि फुप्फुसाचं टोक तपासावं लागतं. आणि आमच्या भागात पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखी घेऊन उठलं आणि दोन्ही पापण्या उघडेनात, तर मण्यार चावली असं धरूनच चालायचं. तिचा दंश दुखत नाही, खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पापण्या आधी पडतात, श्वास नंतर.

गेल्या महिन्यात आबांची नात आली होती. आता ती वीस वर्षांची आहे. डाव्या डोळ्याची नजर चष्म्यासह 6/9. समोर बघताना पापणी ठिपक्यापासून तीन मिलिमीटर वर, उजवीपेक्षा एक कमी. खाली बघितलं की डावी पापणी वर राहते, फोटोत ते दिसतं, याचं तिला वाईट वाटतं. ते मला पूर्ण घालवता येणार नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. झोपेत डोळा दोन मिलिमीटर उघडा राहतो, आईने टॉर्च लावून बघितलंय. परीक्षेच्या दिवसांत रात्रीचं मलम लावायचं राहून गेलं आणि बुबुळाच्या खालच्या कडेला कोरडे ठिपके पडले होते. मलम पुन्हा सुरू केलं आणि दोन आठवड्यांनी ते ठिपके बघायला बोलावलं आहे.