एक चतुर्थांशाचा गुणाकार

1986 साली रूमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा लेख ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला आणि न्यूरल नेटवर्कला शिकवण्याची एक पद्धत सर्वदूर पोहोचली. नेटवर्कने दिलेले उत्तर आणि खरे उत्तर यांतला फरक काढायचा, मग त्या चुकीत आतल्या कोणत्या आकड्याचा किती वाटा आहे हे शेवटच्या थरापासून मागे मागे मोजत यायचे. या पद्धतीला बॅकप्रोपगेशन म्हणतात. कागदावर ती कितीही थरांना लागू होती. प्रत्यक्षात मधले थर दोन-तीनच्या पुढे गेले की नेटवर्क धड शिकत नसे. 1991 साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात सेप होखरायटर या विद्यार्थ्याने जर्मन भाषेत लिहिलेल्या डिप्लोमा प्रबंधात यामागचे गणित उलगडून दाखवले. मागे जाणारी चूक दर थराला एका आकड्याने गुणली जाते. तो आकडा एकाहून लहान असला, की पहिल्या थरापर्यंत पोहोचेतो जवळजवळ काहीच उरत नाही.

त्या काळी मधल्या थरांत सर्रास वापरले जाणारे फलन म्हणजे सिग्मॉइड. आत कोणतीही संख्या घाला, बाहेर 0 आणि 1 यांच्या मधलीच संख्या येते. आलेखावर ते इंग्रजी S सारखे दिसते: दोन्ही टोकांना सपाट, मध्ये चढ. हा चढ किती, हेच मागे जाणाऱ्या चुकीला गुणणारे पद असते आणि त्याचे सूत्र फार साधे आहे:

σ′(x) = σ(x) · (1 − σ(x))

म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार, आणि त्या दोहोंची बेरीज नेहमी 1. अशा दोन संख्यांचा गुणाकार सर्वांत मोठा कधी होतो? दोन्ही समान असतील तेव्हा, अर्ध्या आणि अर्ध्या. ठरावीक परिमितीच्या आयतांत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वाधिक असते, हे शाळेतले गणित इथे जसेच्या तसे लागू पडते. अर्धे गुणिले अर्धे म्हणजे 0.25. सिग्मॉइडचा चढ कधीच याच्या वर जात नाही. तोही फक्त x शून्य असताना. x दोन झाला की चढ 0.105 वर येतो आणि पाच झाला की 0.0066 वर.

आता एक अगदी छोटे नेटवर्क घेऊ. पाच थर, प्रत्येक थरात एकच न्यूरॉन, प्रत्येक जोडणीचे वजन 1, आणि सुरुवातीला आत जाणारी संख्या 1. पहिल्या न्यूरॉनमधून 0.731 बाहेर पडते, ते दुसऱ्यात जाऊन 0.675 होते, मग 0.663, 0.660 आणि शेवटी 0.659. समजा खरे उत्तर 0 हवे होते. म्हणजे चूक 0.659. पाचही ठिकाणचे चढ अनुक्रमे 0.197, 0.219, 0.224, 0.224 आणि 0.225 येतात. हे काही वाईट आकडे नाहीत. सिग्मॉइडकडून जास्तीत जास्त जे मिळू शकते, त्याच्या ते जवळ आहेत.

शेवटच्या वजनाचा ग्रेडियंट, म्हणजे ते वजन किंचित हलवले तर चूक किती वेगाने बदलते तो दर, काढताना एकच चढ लागतो. चुकीच्या वर्गाचा अर्धा भाग हे मोजमाप धरले, तर उत्तर येते 0.098. पहिल्या वजनापर्यंत मात्र पाचही चढ गुणावे लागतात आणि तिथे उरते 0.00032. तीनशे पटींचा फरक. शिकण्याचा वेग 0.1 ठेवला तर एका फेरीत शेवटचे वजन सुमारे 0.01 ने सरकते आणि पहिले 0.00003 ने. एवढे अंतर काटायला त्याला याच गतीने तीनशे फेऱ्या लागतील. आणि हे फक्त पाच थरांत. दहा थर असते, तर चढ प्रत्येक ठिकाणी कमाल 0.25 धरूनही दहा चढांचा गुणाकार दहा लाखांत एकापेक्षा कमी भरतो.

इथे पहिला उपाय सुचतो तो वेग वाढवण्याचा. अडचण ग्रेडियंट लहान असण्याची नाही. संगणक याहून कितीतरी लहान संख्या सहज धरून ठेवतो. अडचण थरांमधल्या विषमतेची आहे. पहिल्या थराला हलवण्यासाठी वेग तीनशे पट केला, तर शेवटचा थर एका फेरीत कुठल्या कुठे फेकला जाईल.

दुसरा उपाय वजने मोठी घेण्याचा. मागे जाताना चढाबरोबर वजनही गुणले जाते. तेव्हा वजन 4 घेतले तर 4 गुणिले 0.25 म्हणजे 1, आणि प्रश्न मिटला असे वाटते. पण तेच वजन पुढे जातानाही गुणले जाते. आपल्या पहिल्या न्यूरॉनचे वजन 8 केले, तर त्याच्या सिग्मॉइडमध्ये 8 जाते, वक्र तिथे सपाट असतो आणि चढ 0.000335 वर येतो. आठाने गुणूनही हाती 0.0027 लागते. वजन 1 असताना 0.197 होते! कमाल चढ हवा तर आत जाणारी संख्या शून्याजवळ ठेवली पाहिजे, आणि वजन मोठे केले की तीच शून्यापासून दूर पळते. मला या साऱ्या गणितातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. 0.25 ही मर्यादा नुसत्या आकड्यांच्या निवडीने चुकवता येत नाही.

हा दोष ओळखणे कठीण जाते, कारण नेटवर्क अगदीच शिकत नाही असे नसते. शेवटचे थर भराभर बदलतात, त्यामुळे चूक सुरुवातीला छान उतरते आणि मग एका पातळीवर अडून बसते. पहिले थर मात्र सुरुवातीला मिळालेल्या स्वैर वजनांवरच असतात. चित्रातल्या कडा, रंग, आकार टिपायचे काम ज्यांचे, तेच काही शिकलेले नसतात, आणि त्यांच्याकडून आलेल्या विस्कटलेल्या माहितीवर पुढचे थर जमेल तशी जुळवाजुळव करतात. म्हणून एकूण चूक पाहून भागत नाही. प्रत्येक थराच्या ग्रेडियंटचा आकार वेगळा छापून पाहावा. शेवटाकडून सुरुवातीकडे येताना तो दर थराला पाव-पाव होत असेल, तर दुखणे हेच.

सुटका झाली ती वक्रच बदलल्याने. 2010 च्या सुमारास रेलू हे फलन मधल्या थरांत रुळू लागले. आत येणारी संख्या धन असेल तर ती जशीच्या तशी पुढे, ऋण असेल तर 0. धन बाजूला चढ बरोबर 1, आणि एकाला कितीही वेळा एकाने गुणले तरी एकच. 2012 च्या इमेजनेट स्पर्धेत बाजी मारणाऱ्या अ‍ॅलेक्सनेटमध्ये वजनांचे आठ थर होते आणि मधल्या थरांत रेलू होते. रेलूलाही मर्यादा आहेत. ऋण बाजूला चढ 0 असल्यामुळे एखादा न्यूरॉन कायमचा बंद पडू शकतो, आणि वजनांचा गुणाकार तर तसाच राहतो, तेव्हा सुरुवातीची वजने बेताची निवडावीच लागतात. 2015 साली आलेल्या रेसनेटने थराच्या उत्तरात त्या थराकडे आलेली मूळ संख्याही मिळवायला सुरुवात केली. त्यामुळे चुकीला मागे जायला गुणाकार टाळणारी वाट मिळाली आणि 152 थरांचे नेटवर्क शिकवता आले.

सिग्मॉइड मात्र बाद झालेला नाही. हो की नाही एवढेच सांगायचे असेल तिथे शेवटच्या थरात तो आजही वापरतात. तिथे त्याचा चढ एकदाच येतो, आणि चूक लॉगरिदमच्या मापाने मोजली तर सूत्रात तो चढ चक्क छेदला जातो. एकावर एक रचलेल्या मधल्या थरांत मात्र तो वापरू नये.