एक पोर्ट पुरेसा आहे

नवा फोर-के टीव्ही, नवा प्लेस्टेशन ५, केबलही खोक्यातलीच. तरी गेमच्या सेटिंगमध्ये एचडीआर मिळत नाही म्हणून दाखवतं. अशा वेळी टीव्ही बिघडलेला नसतो आणि प्लेस्टेशनही. ज्या एचडीएमआय पोर्टमध्ये केबल खोचली आहे, तो पोर्ट अजून साध्या सिग्नलवरच असतो. सोनीच्या अनेक ब्राव्हिया टीव्हींवर हे पोर्ट कारखान्यातून तसेच येतात.

हे असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. केबल जोडली की टीव्ही आपली ओळख समोरच्या उपकरणाला कळवतो. कोणतं रिझोल्यूशन चालेल, सेकंदाला किती फ्रेम चालतील, एचडीआर समजतं की नाही, हे सगळं त्या छोट्या माहितीपत्रात असतं. त्याला ईडीआयडी म्हणतात. उपकरण ते वाचतं आणि तेवढंच पाठवतं. पोर्ट साध्या फॉरमॅटवर असला की टीव्ही या पत्रात एचडीआरचा उल्लेखच करत नाही. फोर-के चित्र येतं, पण सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर रंगांचा तपशील कमी करावा लागतो. म्हणूनच चित्र येतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नये.

मग सगळेच पोर्ट वाढीव फॉरमॅटवर का ठेवायचे नाहीत? कारण काही जुन्या उपकरणांना हे लांबलेलं माहितीपत्र नीट वाचता येत नाही. जुना एचडी सेट टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर तशा पोर्टला लावला, तर कधी पडदा काळा राहतो, कधी चित्र येतं पण आवाज येत नाही. सोनीची स्वतःची सूचनाही हीच आहे: चित्र किंवा आवाज नीट येत नसेल तर तो पोर्ट पुन्हा साध्या फॉरमॅटवर न्या.

समजा, पहिल्या पोर्टवर एचडी सेट टॉप बॉक्स आहे, दुसऱ्यावर प्लेस्टेशन ५ आणि तिसऱ्यावर एआरसीने जोडलेला साउंडबार. बदल फक्त दुसऱ्यावर करायचा. आधी टीव्हीच्या पुस्तिकेत पाहा, कारण काही मॉडेलांवर ठरावीक पोर्टच वाढीव सिग्नल घेतात. मग सेटिंग्जमध्ये `External inputs` गाठा, `HDMI signal format` उघडा, HDMI 2 निवडा आणि `Enhanced format` करा. एचडीएमआय २.१ असलेल्या मॉडेलांवर यापुढे १२० फ्रेमचा वेगळा पर्यायही असतो; बहुतेक खेळांना तो लागत नाही. नंतर प्लेस्टेशन बंद करून पुन्हा सुरू करा, म्हणजे ते माहितीपत्र नव्याने वाचेल.

खात्री डोळ्यांनी करू नका. प्लेस्टेशनच्या `Screen and Video` मध्ये सध्या कोणता सिग्नल जातोय ते लिहिलेलं दिसतं. तिथे 3840x2160, 60Hz आणि HDR दिसलं की काम झालं. रंगाच्या जागी YUV422 दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ६० फ्रेमचं दहा-बिट पूर्ण रंगांचं फोर-के चित्र न्यायला सेकंदाला सुमारे २२ गिगाबिट लागतात आणि एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ ची आहे, म्हणून रंगांचा थोडा तपशील आटोपता घ्यावा लागतो.

याच १८ गिगाबिटमुळे केबलचा प्रश्न येतो. साध्या फॉरमॅटवर वर्षानुवर्षं नीट चाललेली केबल इथे मात्र उघडी पडते: चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मधेच काही क्षण पडदा काळा होतो, किंवा सिग्नल नसल्याचा संदेश येतो. केबल जितकी लांब, तितका हा धोका जास्त. ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणपत्राची छोटी केबल लावून पाहा. ठिपके गेले तर दोष केबलचाच होता.

आता हा फॉरमॅट खरोखर कोणाला लागतो? फोर-के आणि एचडीआर देणाऱ्यांना: प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स, फोर-के ब्लू-रे प्लेअर, ॲपल टीव्ही फोर-के, फायर टीव्हीची फोर-के स्टिक. पहिल्या, साध्या प्लेस्टेशन ४ चं नाव यात हमखास सुटतं. तो फोर-के देत नाही, पण २०१६ च्या अपडेटपासून १०८०पी वर एचडीआर देतो, म्हणजे त्यालाही हा पोर्ट हवा. एचडी सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर आणि पहिला निन्टेंडो स्विच यांना यातून काहीच मिळत नाही. एआरसीवरच्या साउंडबारलाही नाही, कारण तिथे टीव्हीकडून फक्त आवाज जातो. प्लेअर साउंडबारमधून फिरवून टीव्हीला जोडला असेल तर मात्र दोन्हीकडे बघावं लागतं: टीव्हीचा तो पोर्ट आणि साउंडबारची फोर-के एचडीआर पुढे पाठवायची क्षमता.

आणि टीव्हीतच असलेल्या नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या ॲपवर जे दिसतं ते एचडीएमआयमधून येतच नाही. ज्यांचं सगळं पाहणं त्यावरच चालतं, त्यांनी ही सेटिंग उघडायचंही कारण नाही.