नगाला चाळीस रुपयांपासून

लग्नात किंवा वाढदिवसाला पाहुण्यांच्या हाती द्यायच्या रिटर्न गिफ्टची यादी दुकानदाराकडून आली, की आपली नजर आधी दरावर जाते. ‘कापडी पिशवी, नगाला ४० रुपयांपासून’. त्यातला ‘पासून’ हा शब्दच सगळ्यात महागात पडतो.

समजा, लग्नासाठी अशा २५० पिशव्या हव्यात, त्यावर वधूवरांची नावं आणि गणपती, दोन रंगांत. छपाई स्क्रीन प्रिंटिंगची. त्यात प्रत्येक रंगाची वेगळी चौकट करावी लागते. चौकटीला ५०० रुपये धरले, तर दोन रंगांचे १,००० झाले, म्हणजे नगामागे ४ रुपये. एका रंगाच्या छपाईचे ६ म्हणून दोन्हींचे १२, पॅकिंगचे ५. चाळीसची पिशवी ६१ वर गेली. जीएसटी आणि वाहतूक वेगळीच. याच पिशव्या मुंजीसाठी ५० घेतल्या, तर चौकटींचा खर्च नगामागे २० रुपये होतो आणि पिशवी ७७ ला पडते. नग कमी असतील तर एकाच रंगावर भागवावं, हे उत्तम.

पितळी करंड्यावर किंवा स्टीलच्या बाटलीवर लेझरने नाव कोरायचं असेल, तर हिशेब उलटा. तिथे चौकट नाही, खर्च मशीनच्या वेळेचा. त्यामुळे वाढदिवसाला प्रत्येक मुलाचं वेगळं नाव टाकता येतं; पण संख्या वाढली म्हणून कोरण्याचा दर फारसा उतरत नाही. एका नगाला दोन मिनिटं धरली, तरी ४०० नगांना तेरा तासांहून जास्त मशीन लागतं. शिवाय पुसणं, डब्यात भरणं आहेच.

‘सात ते दहा दिवसांत माल तयार’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते दिवस कधीपासून मोजायचे हे विचारा. बहुतेक ठिकाणी ते ऑर्डर दिल्यापासून नव्हे, तर प्रूफ मंजूर करून आगाऊ रक्कम भरल्यापासून मोजतात. घरात नावांच्या क्रमावरून चार दिवस खल चालला, तर ते चार दिवस आपल्याच खात्यात. लग्नसराईत छपाईवाल्याकडे आधीच रांग असते, ती वेगळी.

प्रूफ मात्र घाईने मंजूर करू नका. मराठी मजकुराची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर रफार सुटतो, जोडाक्षर फुटतं, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. अक्षरं कर्व्ह करून पाठवली की हा धोका टळतो. तरीही पडद्यावरच्या चित्रावर न थांबता एक खरा छापलेला नग हातात घेऊन पाहावा, ओल्या बोटाने चोळावा. शाई बोटाला लागली, तर ती नीट पक्की झालेली नाही.

नाव छापलेला माल दुकानदार सहसा परत घेत नाही. म्हणून मोजून ऑर्डर देण्यापेक्षा शंभरामागे पाचेक नग जास्त सांगा. नंतर दहाच नग लागले, तरी चौकटीचे पैसे पुन्हा पूर्ण मोजावे लागतात. आणि ‘सगळं धरून, घरपोच, नगाला किती’ हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.