रक्कम पहिल्या ओळीत

समजा, पुण्यातल्या एका ग्राफिक डिझायनरने एका कंपनीचं माहितीपत्रक करून दिलं. काम ६०,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, म्हणजे बिल ७०,८०० रुपयांचं. बिलासोबतचा ईमेल मात्र असा सुरू होतो: ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपल्यासोबत काम करण्याची संधी मिळाली, याबद्दल मनःपूर्वक आभार.’ मग कामाचा तपशील, दोनदा झालेल्या दुरुस्त्या, पुढच्या कामाची इच्छा. चौथ्या परिच्छेदात कुठेतरी ‘सोबत बिल जोडले आहे, १५ दिवसांत पैसे मिळाल्यास बरे होईल’.

हा मेल ज्याच्यासाठी आहे, तो अकाउंट्समधला माणूस तो बऱ्याचदा मोबाइलवर पाहतो. यादीत त्याला दिसतो फक्त विषय आणि सुरुवातीचे काही शब्द. तिथे ‘आपण कुशल असाल’ वाचून तो पुढच्या मेलकडे वळतो. ‘१५ दिवसांत’ हेही अर्धवटच आहे. बिलाच्या तारखेपासून, की बिल हाती पडल्यापासून?

म्हणून थेट तारीख लिहावी. पण तारखेपेक्षा रकमेचा घोळ अधिक अडवतो. व्यावसायिक सेवेच्या बिलावर कंपनीने १० टक्के टीडीएस कापायचा असेल, तर तो जीएसटी सोडून मूळ ६०,००० वर, म्हणजे ६,००० रुपये होतो. खात्यात येणार ६४,८००. अशा वेळी मेलमधली पेमेंट लिंक पूर्ण ७०,८०० ची बनवलेली असेल, तर अकाउंटंटला तिच्यात रक्कम बदलता येत नाही. तो टीडीएस सोडून जास्त पैसे भरणार नाही; मेल बाजूला ठेवील. पैसे अडकण्याचं कारण कधी कधी इतकंच असू शकतं. टीडीएस कापला जाणार का, हे आधी एका फोनवर विचारून घ्यावं आणि लिंक निव्वळ रकमेचीच करावी.

मग मेल एवढाच उरतो:

विषय: बिल क्र. २७, ₹६४,८००, मुदत १५ जून

देय रक्कम: ₹६४,८०० (बिल ₹७०,८००, वजा टीडीएस ₹६,०००)
मुदत: १५ जून
पैसे भरण्यासाठी: लिंक
माहितीपत्रकाच्या कामाचं बिल सोबत जोडलं आहे. काही शंका असल्यास फोन करावा. आभार.

आभार गेले नाहीत, फक्त खाली आले. दुरुस्त्यांचा तपशील बिलात जातो. विलंबावरच्या व्याजाची अटही बिलाच्या तळाशीच शोभते. पहिल्याच मेलमध्ये ती धमकीसारखी वाटते.

लिंक सगळीकडे चालत नाही. मोठ्या कंपन्या परचेस ऑर्डरचा क्रमांक जुळल्याशिवाय पैसे सोडत नाहीत आणि पैसे बँकेतूनच पाठवतात. तिथे विषयात तो क्रमांक घालावा आणि लिंकच्या जागी खाते क्रमांक व आयएफएससी कोड द्यावा. फसव्या लिंकांमुळे अनोळखी लिंक उघडायला लोक कचरतात, तेव्हा हाच खाते क्रमांक बिलावरही असू द्यावा. पुढचं बिल पाठवण्याआधी तो मेल एकदा स्वतःलाच पाठवून मोबाइलवर पाहावा: न उघडता रक्कम आणि तारीख दिसली, तरच तो ग्राहकाकडे जाऊ द्यावा.