चोरालाही हवं ते मिळावं का?

आजोबांच्या जुन्या ज्ञानेश्वरीत, पसायदानातल्या तिसऱ्या ओवीशेजारी पेन्सिलीने काढलेलं एक प्रश्नचिन्ह आहे. त्यावरून त्यांच्या दोन नातवंडांत, चुलत भाऊ-बहिणीत वाद जुंपला. ज्याला जे हवं असेल ते त्याला मिळो, असं मागणं या ओवीच्या शेवटी आहे.

“दादा, चोराला काय हवं असतं? दुसऱ्याचं! मग तेही त्याला मिळू द्यायचं?” धाकटीने विचारलं.

“नुसता शेवट धरलास तर तसंच वाटेल. आधीची ओवी वाच.”

ज्ञानेश्वरी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये पूर्ण झाली. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस पसायदानाच्या नऊ ओव्या येतात. पहिलीत विश्वात्मक देवाकडे प्रसाद मागितला आहे. दुसरीत तीन मागण्या आहेत: दुष्टांचा वाकडेपणा जावो, त्यांना सत्कर्माची गोडी लागो आणि सर्व जीवांत मैत्री जडो. दुष्टांचा नाश मागितलेला नाही. तिसऱ्या ओवीत आधी पापाचा अंधार जातो, स्वधर्माचा सूर्य उगवतो आणि मग इच्छापूर्तीचं मागणं येतं.

“म्हणजे तोवर चोर चोर राहिलेलाच नाही,” दादा म्हणाला. “माणूस बदलला की त्याची इच्छाही बदलते.”

धाकटी लगेच मानणारी नव्हती. “चांगल्या माणसांच्या इच्छाही एकमेकींच्या आड येतात. विहिरीत पाणी थोडं आणि दोघांचाही ऊस वाळतोय, तर?”

“म्हणून तर मैत्री आधी मागितली. शेजाऱ्याचा ऊस वाळत असताना सगळं पाणी आपल्यालाच हवं, असं मित्राला वाटणार नाही.”

इथवर दोघांचं जुळलं. पुढचा प्रश्न मात्र अवघड निघाला. “स्वधर्म म्हणजे कोणता?” तिने विचारलं. “याच अध्यायात चार वर्णांची कामं सांगितली आहेत. तोच अर्थ घ्यायचा?”

दादाने पानं मागे उलटली. गीतेच्या अठराव्या अध्यायातलं वर्णांच्या कर्मांचं विवेचन ज्ञानेश्वरीतही आहे, हे त्याला कबूल करावं लागलं. पण पसायदानात वर्णांचा उल्लेख नाही. तो सूर्य साऱ्या विश्वाने पाहावा असं म्हटलं आहे आणि मागणं प्राणिमात्रांसाठी आहे, याकडे त्याने बोट दाखवलं. धाकटीचं म्हणणं असं, की त्याच ग्रंथातला त्याच शब्दाचा अर्थ सोयीप्रमाणे बाजूला ठेवता येत नाही. या मुद्द्यावर दोघंही आपापल्या जागी ठाम राहिली.

दोघांच्याही म्हणण्याला ग्रंथात आधार आहे. इच्छापूर्तीबद्दलची शंका ओव्यांचा क्रम पाहिला की फिटते. स्वधर्माची शंका मात्र त्या नऊ ओव्यांत सुटत नाही. पसायदान पाठ असणाऱ्यांनी अठराव्या अध्यायातला वर्णकर्मांचा भाग एकदा त्याच्या शेजारी ठेवून वाचावा आणि मग आपला अर्थ ठरवावा.