चनिया चोळी भाड्याने देताय? मग पोस्टमध्ये तारीख लिहा

नवरात्र जवळ आलं की गोवंडीतल्या माझ्या मावशीच्या दुकानाचा फोन माझ्या हातात येतो. गरबा-दांडियाचे कपडे भाड्याने देण्याचं तिचं छोटंसं दुकान आहे आणि व्हॉट्सॲप स्टेटस, इन्स्टा वगैरे मी बघते. आज त्या पोस्ट कशा लिहायच्या तेच सांगणार आहे, कारण पहिल्या वर्षी मी त्यात चांगलीच आपटले होते.

तेव्हा मी एका हिरव्या सेटचा मस्त फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘फ्री साइज, भाडं ७००, लवकर बुक करा.’ अष्टमीसाठी दोघींनी पैसे पाठवले, मी दोघींना ‘हो’ म्हटलं, आणि सेट एकच! दुसरी मुलगी संध्याकाळी सहाला दुकानात आली, मैत्रिणी बाहेर रिक्षात थांबलेल्या. तिला पैसे परत दिले, पण तिची ती रात्र गेली ती गेलीच.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. विकायच्या कपड्याच्या पोस्टमध्ये आपण कपडा विकतो. भाड्याच्या पोस्टमध्ये आपण त्या कपड्याची एक रात्र देतो. म्हणून आता प्रत्येक सेटला नंबर असतो आणि प्रत्येक पोस्टमध्ये तारखा असतात. हा नमुना बघा:

‘सेट १४. हिरवा, आरशाचं काम. चनिया, चोळी, ओढणी. दागिने नाहीत. चनियाची उंची ४० इंच, कंबर नाडीची, २८ ते ३६. चोळी छाती ३४, आत शिलाई सोडून ३६ पर्यंत. एका रात्रीचं भाडं ७००, डिपॉझिट १५००. रिकाम्या तारखा: १२, १४, १६ ऑक्टोबर. परत दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत.’

आता यातली एकेक गोष्ट. ‘फ्री साइज’ हे अर्धसत्य आहे. नाडीमुळे कंबर जुळते, पण चनियाची उंची आणि चोळीची छाती जुळत नाही. उंची कंबरेपासून घोट्यापर्यंत मोजायला सांगा. चनिया जमिनीपासून दोन बोटं वर हवा, नाहीतर गिरकी घेताना पाय काठात अडकतो.

तारखा एक दिवसाआड का? आरशाचं भरतकाम असलेला सेट सीझनमध्ये रोज धुता येत नाही. रंग उतरतो, आरशांचे टाके सुटतात. परत आला की मावशी चोळीचं अस्तर ओल्या फडक्याने पुसते, सेट वाऱ्यावर टाकते, निखळलेले आरसे शिवते आणि उलट बाजूने इस्त्री करते. यात दिवस जातो. म्हणजे नऊ रात्रींत सेट जास्तीत जास्त पाच वेळा बाहेर जातो, साडेतीन हजार रुपये. ‘दुपारी १२ पर्यंत’ ही ओळ म्हणूनच महत्त्वाची. उशीर झाला तर पुढच्या मुलीच्या हातात ओलसर चोळी पडते.

रंगांचंही गणित आहे. आपल्याकडे नवरात्रात रोजचा रंग ठरलेला असतो आणि पहिले सात रंग वारावर चालतात: रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. २०२६ मध्ये घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे, म्हणजे पहिला रंग केशरी. आणि आपला हिरवा सेट १४? त्याची रात्र शुक्रवार, १६ ऑक्टोबर. मी त्या पोस्टमध्ये हीच तारीख आधी दाखवते. शेवटच्या दिवसांचे रंग मात्र दर वर्षी बदलतात, त्यामुळे ते यादी बघूनच लिहा.

गर्दीचे दिवसही ठरलेले. एरवी लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद होतो, आणि सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत चालतो. ते दिवस जाहीर झाले की त्या रात्रींची मागणी एकदम वाढते. तेव्हा बुकिंग एकाच वहीत, आणि वहीत लिहिल्याशिवाय कुणालाही ‘हो’ नाही.

फोटो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली काढू नका. मोरपंखी रंग तिथे निळा दिसतो, आणि निळा म्हणून नेणारी परत येऊन भांडते. सकाळी दाराशी, उजेडात काढा. घेर उभ्या फोटोत कळत नाही, म्हणून एक गिरकीचा आठ सेकंदांचा व्हिडिओ टाका.

शेवटचं, डिपॉझिट. कशाचे पैसे कापणार ते पोस्टमध्येच लिहा: फाटलं, डाग गेला नाही, ओढणी हरवली. घाम आणि एखाददुसरा आरसा आम्ही धरत नाही. आणि सेट देताना गिऱ्हाइकासमोरच चोळीचा, काठाचा फोटो काढून तिलाच पाठवा. परतीच्या वेळी ‘हा डाग आधीचाच’ यावर वाद होत नाही.

आणि हो, रात्र बुक झाली की पोस्टमधली ती तारीख लगेच खोडा. मी तारीखच लिहिली नव्हती, म्हणून एक मुलगी रिकाम्या हाताने परत गेली. भेटू पुढच्या भागात!